सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी: पेट्रोल वाचतं की बॅटरी जाते?

हेमंत, जळगाव
१.२ पेट्रोल, मॅन्युअल, पावणेतीन वर्षं झाली. सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन बंद, परत दाबला की चालू. महिनाभरापासून बंदच होत नाही. सर्व्हिसवाले म्हणतात बॅटरी बदला, ८,००० रुपये. या सोयीने खरंच पैसे वाचतात, की बटण दाबून तिला रामराम ठोकू?

तुषार, धुळे
बंद ठेव भो. इंजिन सगळ्यात जास्त झिजतं ते स्टार्ट होताना. दिवसाला दोनदा होणारा स्टार्ट वीसदा केला तर बेअरिंगचं काय होणार? स्टार्टरही गेलाच समज. कंपनीला मायलेजचा आकडा दाखवायचा असतो, भुर्दंड आपल्याला.

नाना, भुसावळ (ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान)
तुषारभाऊ, तुमचं म्हणणं सकाळच्या थंड स्टार्टला लागू आहे. रात्रभरात ऑइल खाली उतरलेलं असतं. सिग्नलला गरम इंजिन चाळीस सेकंद थांबतं, तेवढ्यात बेअरिंगवरचा थर पुसला जात नाही. शिवाय इंजिन गरम झाल्याशिवाय ही सिस्टीम चालतच नाही. या गाड्यांचा स्टार्टरही जास्त स्टार्ट झेलायला बनवलेला असतो.

खरा मार बॅटरीला बसतो, आणि तोही स्टार्ट मारताना नाही. स्टार्टर ३०० अँपिअर ओढतो, पण अर्धा सेकंद. थांबलेल्या चाळीस सेकंदांत ब्लोअर, लाइट, टेप मिळून २० अँपिअर धरा, तर स्टार्टच्या पाचपट चार्ज तिथे जातो, कारण तेव्हा अल्टरनेटर फिरत नसतो. पुढचा सिग्नल अर्ध्या किलोमीटरवर, तेवढ्यात भरपाई होत नाही. बॅटरी कायम अर्धपोटी. म्हणून या गाड्यांना असा मार झेलणारी ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी लागते. पैसे वाचवायला साधी टाकलेली एक गाडी माझ्याकडे अकरा महिन्यांत परत आली.

त्यात आपला मे महिना. बॉनेटखालची गरमी बॅटरीला सिग्नलपेक्षा जास्त खाते.

हेमंतभाऊ, निगेटिव्ह टर्मिनलवरचा सेन्सर बॅटरीची ताकद मोजतो. ती कमी झाली की सिस्टीम स्वतःहून इंजिन बंद करणं सोडते, म्हणजे सिग्नलला अडकायला नको. तुमच्याकडे बहुतेक तेच झालंय. पण लगेच ८,००० देऊ नका. रात्रभर उभ्या गाडीचा सकाळी व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास असेल तर कारण दुसरं शोधा. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून लोड टेस्ट करा. चार्जरचा काळा चिमटा बॅटरीच्या खुंटीला नको, बॉडीला लावा, नाहीतर किती चार्ज झालं ते सेन्सरला कळत नाही.

सुभाष आप्पा, अमळनेर
मन्ही गाडीनं बी तेच रडनं शे! पण माझी जुनी डिझेल, तिला बटणबिटण काही नाही. रेल्वे फाटकावर मी हातानेच बंद करतो. टर्बोला चालतं का?

नाना, भुसावळ
आप्पा, तुमचं रडणं वेगळंय. हायवेवर ताणून आला असाल तर आधी अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवा, मग बंद करा. गावातून हळूहळू आला असाल तर लगेच बंद करा.

प्राजक्ता, जळगाव
पैशांचं कोणीच बोलत नाही, मी मांडते. माझी गाडीही १.२. टॉवर चौकाकडून एमआयडीसीत जाते, येता-जाता मिळून आठ थांबे, चाळीस सेकंदांचे. म्हणजे सव्वापाच मिनिटं. गरम इंजिन आयडलवर तासाला ०.६ लिटर पितं असं धरलं तर रोज पन्नासेक मिली. पंचवीस दिवसांचे महिन्याला सव्वा लिटर. मार्च ते जून एसीमुळे इंजिन बंद होतच नाही, झालं तरी गार हवा संपली की स्वतःच चालू होतं. उरले आठ महिने, दहा लिटर. १०५ च्या भावाने वर्षाला हजार-अकराशे. तीन वर्षांत तीन हजारांच्या वर. आणि साध्या बॅटरीपेक्षा ईएफबीला मला तीन हजारच जास्त सांगितले.

तुषार, धुळे
म्हणजे फिटंफाट! मग उठाठेव कशाला? बटण दाबा.

प्राजक्ता, जळगाव
गाडी परत चालू केली की ते बटण पुन्हा पहिल्यासारखं होतं, रोज कोण लक्षात ठेवणार? आणि पुण्यात माझ्या भावाला दोन-दोन मिनिटांचे सिग्नल लागतात, त्याचा हिशोब वेगळा निघेल. दहा सेकंदांचा थांबा असेल तर मी क्लच दाबूनच ठेवते, बंद होऊ देत नाही. तेवढ्यात काही वाचत नाही.

नाना, भुसावळ
मी बटण दाबा म्हणणार नाही, पण मे महिन्यात दाबलं तर चुकलंही म्हणणार नाही.

हेमंत, जळगाव
सकाळी मोजलं, १२.३ आलं. आठवडाभर गाडी घर ते दुकान दीड किलोमीटरच फिरली होती. रविवारी चार्जर लावून लोड टेस्टला भुसावळला येतो नाना, दुकान उघडं असतं ना?