मदत हवी आहे: बारीक मनगट, मामा दुबईहून घड्याळ आणतोय, साइझ कोणती सांगू?

देवबागकर

मंडळी नमस्कार. माझा मामा दुबईला असतो. चतुर्थीला घरी येतोय आणि भाच्याला एक चांगलं घड्याळ आणणार आहे. मॉडेल मी सांगायचं. एकदा आणलं की परत करायची सोय नाही, म्हणून आधी इथे विचारतोय.

अडचण मनगटाची आहे. शिंप्याच्या टेपने घेर 150 मिमी भरला, म्हणजे सहा इंचांना जरासा कमी. सध्या कॅसिओचं F-91W घालतो, ते हातावर आहे हे कळतसुद्धा नाही. पण मित्राचं मोठं काटेवालं घालून बघितलं तर हाताला ताटली बांधल्यासारखं वाटलं.

तीन घड्याळं मनात आहेत: हॅमिल्टनचं खाकी फील्ड मेकॅनिकल, 38 मिमी. सिको फाइव्ह स्पोर्ट्स, 42.5 मिमी, ते डायव्हरसारखं दिसणारं. आणि टिसोचं पीआरएक्स, 40 मिमी. व्हिडिओवाले सगळे सांगतात की सहा इंचांच्या मनगटाला 38 च्या वर जायचं नाही. मग हॅमिल्टन सांगून मोकळा होऊ का? खरं तर सिको जास्त आवडलंय. काम तारकर्लीला पर्यटकांच्या बोटीवर असतं.

रेवदंडा_बीच

हॅमिल्टन. डोळे झाकून. सहा इंचाला 36 ते 38 हा नियम आहे, 42.5 तुझ्या हातावर भिंतीवरचं घड्याळ दिसेल. विषय संपला.

अण्णा_चिपळूण

मनगट बारीक असेल तर पट्टा 18 चा घ्या, 22 चा घेऊ नका. माझ्या पुतण्याला लग्नात मिळालेल्या घड्याळाला रुंद पट्टा होता, त्याने कधी घातलंच नाही. आणि अशक्तपणा असेल तर एकदा डॉक्टरला दाखवा, वय काय आपलं?

देवबागकर

अण्णा, तब्येत ठणठणीत आहे, रोज नांगर ओढतो. हाडच बारीक आहे आमच्या घरात. पट्ट्याचं नाही, घड्याळाच्या साइझचं विचारतोय.

जुनी_चावी

रेवदंडा, विषय संपला नाही, आत्ता सुरू झाला. व्यास हा अर्धाच आकडा आहे. घड्याळाच्या डबीला पट्टा जिथे अडकतो ती शिंगं म्हणजे लग. घड्याळ मनगटावर आडवं बसतं ते वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंत. ती लांबी मनगटाच्या रुंदीत मावली नाही, तर टोकं दोन्हीकडून बाहेर येतात आणि पट्टा हाताला न चिकटता सरळ खाली लोंबतो. घड्याळ मोठं वाटतं ते बहुतेक वेळा या लोंबण्यामुळे.

आता गंमत बघा. हॅमिल्टनचा व्यास 38, पण लग लांब आहेत, टोकापासून टोकापर्यंत 47 च्या पुढे जातं. सिकोचा व्यास 42.5, पण लग आखूड आणि खाली वाकलेले, लांबी 46. म्हणजे साडेचार मिलिमीटरने 'मोठं' असलेलं घड्याळ लांबीला छोटं आहे. व्हिडिओतला नियम इथेच आपटतो.

देवबागकर, घेर सोडा, रुंदी मोजा. एकाच घेराची दोन मनगटं वेगळी असतात. 150 घेराचं गोलसर मनगट 50 रुंद आणि 45 जाड असू शकतं. तोच घेर चपट्या मनगटाचा असेल तर 54 रुंद आणि 41 जाड. दुसऱ्याला जे घड्याळ सहज बसेल, ते पहिल्याच्या काठावर येईल. टेप हे सांगत नाही.

मोजायचं असं: तळहात खाली करून हात टेबलावर ठेवा. करंगळीच्या बाजूला जे हाड वर येतं, त्याच्या मागे, कोपराच्या दिशेला, जिथे तुम्ही घड्याळ घालता तिथेच. दोन्ही बाजूंनी काड्यापेटी उभी टेकवा आणि दोन पेट्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. पेटी दाबू नका, मांस दबलं की दोन-तीन मिमी खोटे कमी येतात.

मधुरा_रत्नागिरी

माझा घेर तर 142 आहे. दुकानात गेलं की ताई, लेडीज घड्याळं इकडे, म्हणून बांगडीएवढी नाजूक दाखवतात. मी बाबांचं एचएमटी जनता वापरते, ते जेन्ट्सचं म्हणून विकलं गेलेलं आणि तरी मला नीट बसतं, कारण पूर्वी जेन्ट्स म्हणजे 35 च्या आसपासच असायचं. पण त्या घड्याळाचा सोनेरी मुलामा मात्र आमच्याकडच्या हवेत लगच्या टोकांवरून गेला. खाऱ्या हवेचं काय करता तुम्ही लोक?

सुरंगी

मधुरा, खाऱ्या हवेचो वेगळो धागो काढ गो. देवबागकरा, मामाक सांग स्वतःच्या हातार घालून फोटो धाड म्हणान, दिसतलाच ना किती मोठा ता.

जुनी_चावी

सुरंगी, मामाच्या फोटोवर जाऊ नका. एक तर मामाचं मनगट वेगळं. दुसरं, फोन जवळ धरून काढलेल्या फोटोत पुढची वस्तू फुगते, 38 चं घड्याळही 42 चं दिसतं. स्वतःचं घालून बघायचं असेल तरी आरशासमोर हात खाली सोडून उभं राहा. लोक तुम्हाला तसंच बघतात.

देवबागकर

मोजलं. काड्यापेटीने 51. खात्री म्हणून इंजिनच्या मेकॅनिककडून व्हर्नियर घेऊन परत बघितलं, तेच आलं. म्हणजे माझं मनगट गोलसर. मग 47 काय आणि 46 काय, दोन्ही 51 च्या आतच आहेत की. दोन्ही चालतील?

जुनी_चावी

आत आहेत, पण 51 ही सगळ्यात रुंद जागेची रुंदी. गोल मनगटावर वरची सपाट जागा त्याहून कमी असते, पुढे उतार लागतो. म्हणून माझा हिशेब रुंदीतून चार-पाच मिमी वजा करायचा. तुमच्याकडे उरतात 46-47. सिको जेमतेम आत, हॅमिल्टन काठावर.

कोकणात मी एक मिमी जास्तच सोडतो. मे महिन्यात दुपारी मनगट सुजतं, घट्ट बांधलेलं घड्याळ रुततं, म्हणून आपण पट्टा एक भोक सैल ठेवतो. सैल घड्याळ बारीक हातावर करंगळीच्या बाजूला घसरतं, आणि तिथे लांब लगचं टोक हाडाला टोचतं. सकाळी एसी दुकानात छान बसलेलं घड्याळ बोटीवर दुपारी असं वागतं.

पीआरएक्सचं ऐका. कागदावर केसची, म्हणजे डबीची, लांबी 45 सुद्धा नाही, त्यामुळे लोक फसतात. त्याची चेन केसमधूनच निघते आणि पहिली कडी फारशी खाली वाकत नाही. ती धरून हातावर प्रत्यक्षात 50 च्या आसपास पसरतं. तुमच्या 51 वर ते नको. टिसोच हवं असेल तर त्याचंच 35 मिमीवालं बघा.

कार्डाची चाचणी करा. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर 38 चं वर्तुळ काढा, वर-खाली लग जोडून एकूण लांबी 47.5 करा, कापा. दुसरं 42.5 चं, लांबी 46. एकेक मनगटावर ठेवून आरशात बघा. कागद न दाबता टोकं हवेत किती राहतात ते बघा.

रेवदंडा_बीच

चावीकाका, लांबीचं मान्य. पण माझ्या भावाचं मनगट सव्वासहा, तो हॅमिल्टनच घालतो आणि सुंदर दिसतं. 42.5 चं तोंडच मोठं, ते कसं लपवणार? दिसण्यात व्यास मोजतोच.

जुनी_चावी

मोजतोच, ते बरोबर. पण सिकोत 42.5 मध्ये डायलभोवतीची फिरती कड, म्हणजे बेझल, धरलेली आहे, आतलं डायल बरंच लहान. हॅमिल्टनची कड बारीक, जवळजवळ सगळं डायलच. म्हणून डोळ्याला दोघांतला फरक आकड्यापेक्षा कमी वाटतो. आणि सिकोची चावी चारवर आहे, मनगट मागे वाकवलं तर हाताच्या पाठीत रुतत नाही. सिकोचा दोष जाडी. 13.4 मिमी. हॅमिल्टन साडेनऊच्या आसपास. बारीक हातावर जाड घड्याळ वरच्या अंगाला कलतं, हे मी व्यासापेक्षा जास्त धरतो.

देवबागकर

कार्डं केली. 46 वालं बसलं, टोकं मनगटाच्या आतच. पण वर्तुळ मात्र पसरट वाटतंय, आई म्हणाली मोठंच दिसतंय. 47.5 वाल्याचं वर्तुळ आवडलं, पण करंगळीच्या बाजूचं टोक दोन मिलिमीटर हवेत आहे. आता काय करू?

मधुरा_रत्नागिरी

हॅमिल्टनला नायलॉनचा एकसंध पट्टा मिळतो ना, तो घड्याळाच्या पोटाखालून जातो. त्याने बसेल की नाही?

जुनी_चावी

उलट होतं. पोटाखालून एक थर गेला की घड्याळ तेवढं उचललं जातं, टोकं अजून हवेत जातात. दोन तुकड्यांचा मऊ पट्टा घ्या, जो लगपाशीच खाली वळतो. लांबी बघून घ्या, नेहमीचा पट्टा 75 आणि 115-120 असतो, तुमच्या हाताला लांब तुकडा पार पलीकडे वळसा घालून बाहेर येईल. आखूड मागवा. चामड्याचा तर पावसाळ्यात विचारूच नका, बुरशी येते.

आणखी एक. बोटीवर असता, तर हॅमिल्टनवर 50 मीटर लिहिलंय, सिकोवर 100. दोन्हीवर शिंतोडे चालतील, पण समुद्रात उडी मारत असाल तर मी 50 वर विसंबणार नाही.

माझं ऐकाल तर त्याच सिको फाइव्हमध्ये 38 मिमीचं काढलंय ते विचारा. लांबी 44 च्या आसपास, जाडी 12.1. तुमच्या 51 वर हे आरामात बसेल. फक्त डायल लहान होतं.

रेवदंडा_बीच

म्हणजे शेवटी 38 च. 😄

जुनी_चावी

हो, पण 44 लांबीचं 38. तुमच्या नियमाने ते हॅमिल्टनशी बरोबरीचं ठरतं, हातावर नाही.

देवबागकर

मामाला तसं सांगितलं. पीआरएक्स बाद. शुक्रवारी दुकानात जाऊन सिको 38 आणि हॅमिल्टन दोन्हीची लांबी पट्टीने मोजून कळवतो म्हणाला, दुकानदार हसला तर माझं नाव सांगणार आहे. मला हॅमिल्टनचं डायल अजून सोडवत नाहीये. कोणाकडे 51-52 रुंदीच्या गोल मनगटावर ते दिवसभर घातल्याचा अनुभव असेल तर लिहा, विशेषतः मे महिन्यातला.

सुरंगी

माज्या घोवाकडे आसा ता, पण तेचा मनगट म्हावऱ्याच्या टोपलीएवढा. उपेग नाय.