सबटायटल संवादाच्या पुढे पळतात – बी विंग ग्रुप

सुमन काकू (३०२): लॅपटॉप टीव्हीला जोडून पेनड्राइव्हवरचा मल्याळम सिनेमा बघतोय. सबटायटल संवादाआधीच येतात. नातवाने VLC प्लेअरमध्ये 12 सेकंद मागे केली, तेवढ्यापुरती जुळली. आता पुन्हा पुढे!

निखिल (५०१): काकू, सुरुवातीला किती फरक होता?

सुमन काकू: सुरुवातीला नव्हताच. पाचेक मिनिटांनी 12 सेकंद. आता तास होत आला, तर जवळजवळ अडीच मिनिटं.

निखिल: मग सबटायटलच्या फाइलचा वेग वेगळा आहे. फरक शेवटपर्यंत सारखाच राहिला असता तर H दाबून काम झालं असतं. H एकदा दाबलं की सबटायटल 50 मिलिसेकंद उशिरा येतात, G दाबलं की तेवढीच लवकर. पण तुमचा फरक वाढत चाललाय. सिनेमा सेकंदाला सुमारे 24 चित्रांचा आणि सबटायटल 25 च्या प्रतीवरून केलेली असली की असंच होतं. 25 वर सिनेमा लवकर संपतो, म्हणून तासाला साधारण 2 मिनिटं 27 सेकंदांची तफावत पडते. तुमचा आकडा त्याच्याशी बरोबर जुळतो.

सुमन काकू: मग करू काय?

निखिल: आधी नातवाने केलेला 12 सेकंदांचा बदल शून्यावर आणा. VLC च्या Tools मधलं Codec Information उघडा, Frame rate, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते तिथे दिसेल. 23.976 असेल तर Subtitle Edit हा मोफत प्रोग्रॅम घ्या, त्यात सबटायटलची srt फाइल उघडा आणि Synchronization मधून Change frame rate निवडा. 25 वरून 23.976 करून वेगळ्या नावाने सेव्ह करा. मग सुरुवातीचा एक आणि शेवटाजवळचा एक संवाद तपासा. दोन्ही जुळले तर मधलंही जुळेल. शेवटचा जुळत नसेल, तर ती फाइल बहुधा दुसऱ्याच कापलेल्या प्रतीची आहे. तिच्यामागे वेळ घालवू नका, दुसरी शोधा.

देशपांडे काका (१०४): आमच्याकडे ब्लूटूथ स्पीकर लावला की असंच होतं.

निखिल: काका, ओठ बघा. ओठही आवाजाच्या आधी हलत असतील तर आवाज मागे पडतोय. सबटायटलला हात लावू नका, टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाची वेळ जुळवा.

वैशाली (२०३): काकू, रात्री पांढरी शुभ्र अक्षरं डोळ्यांवर येतात ना? फिकट पिवळा रंग आणि मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी ठेवा. पांढऱ्या साडीवर किंवा आकाशावरही वाचता येतं. आकार मात्र फार वाढवू नका. एका वेळच्या मजकुराच्या तीन ओळी झाल्या की नजर वर-खाली फिरते आणि वाचून व्हायच्या आत पुढचं येतं. नेहमीच्या सोफ्यावर बसून दोन ओळींत मावेल तेवढाच मोठा ठेवा. मोबाइलवर ॲक्सेसिबिलिटीमधली कॅप्शनची सेटिंग बदलली तर बरीच ॲप तीच वापरतात.

सुमन काकू: Frame rate 23.976 च निघाला. फाइल बदलली, शेवटचा संवाद बरोबर जुळतोय. पिवळा रंगही लावला.