व्हाउचरमधली उरलेली रक्कम

«दादरला छोटं रेस्टॉरंट आहे, २००० रुपयांचं गिफ्ट व्हाउचर काढतोय. बिल कमी झालं तर उरलेल्या पैशांबद्दल काय लिहावं?»

आधी हे लिहा की व्हाउचर जीएसटीसकट पूर्ण बिलाला चालेल. समजा जेवण १४०० चं, ५ टक्के जीएसटी ७०, म्हणजे बिल १४७०. उरलेले ५३० रोख मिळणार नाहीत, पण त्याच कोडवर मूळ मुदतीपर्यंत राहतील. थोडं वापरल्याने मुदत वाढत नाही. शिल्लक दर वेळी बिलावर छापा, नाहीतर काउंटरवर वाद ठरलेला. ‘सहा महिने’ असं मोघम नको, शेवटची तारीखच छापा. व्हाउचर कोणीही आणो, नाव विचारू नका, भेटच आहे ती! कोडचा फोटो दोघांकडे गेला, तर आधी येईल त्याचं. मुदत संपल्यावर सवलत द्यायची असेल, तर किती दिवस तेही लिहा. मॅनेजरच्या मर्जीवर सोडू नका.