प्रतिसाद: ११८ गुण मागे, ११२ पुढे

«सीईटीत मुलाला ११८, भाचीला ११२. तरी भाचीचं पर्सेंटाइल जास्त! गुण कापले की काय?»

गुण कुणी कापत नाही भाऊ, गुणांना हातच लावत नाहीत. फक्त आपल्याच सत्रात आपल्याइतके किंवा कमी गुण किती जणांना आहेत, ते मोजतात. त्या संख्येला सत्रात बसलेल्या एकूण मुलांनी भागायचं आणि १०० ने गुणायचं.

समजा भाचीचा पेपर सकाळी जळगावला, अवघड निघाला. त्या सत्रात २०,००० मुलं, त्यांतल्या १९,००० जणांना ११२ किंवा कमी. म्हणजे ९५. मुलाचा पेपर दुसऱ्या दिवशी धुळ्याला, सोपा. १८,००० पैकी १६,९२० जणांना ११८ किंवा कमी, म्हणजे ९४. सत्रातली सगळी केंद्रं एकत्र मोजतात, जळगाव-धुळ्याचा वेगळा हिशोब नसतो. ३८,००० च्या एकत्र यादीत भाचीच्या पुढे साधारण १,९००, मुलाच्या पुढे २,२८०. सहा गुण जास्त असून पोरगा ३८० जागा मागे!

खरी मेख वेगळीच आहे. प्रत्येक सत्रातली मुलं सरासरीने सारख्याच तयारीची, हे यात गृहीत धरलेलं असतं. म्हणून सत्रं यादृच्छिक वाटावी लागतात. एका सत्रात हुशार पोरं जास्त गोळा झाली, तर तिथल्यांचं पर्सेंटाइल विनाकारण घसरतं, आणि सरासरी कमी दिसली तर पेपर अवघड होता की पोरं कच्ची, हे नुसत्या पर्सेंटाइलवरून उलगडत नाही.