मदत हवी आहे: सावळ्या नवरदेवाचा चेहरा काळाच पडतो

लेन्सवाला_नागपूर: वर्धा रोडच्या लॉनवर रिसेप्शन केलं. नवरदेव चांगलाच सावळा. डावा गाल, डोळ्याचा खळगा पार काळा, काहीच दिसत नाही. लाइटरूममध्ये शॅडो +80 केलं तर चेहरा राखट, वर दाणे. रविवारी त्याच घरचं दुसरं लग्न आहे. सेटिंग सांगा पटकन.

छाया४५: कॅमेरा कोणत्या मोडवर? मीटरिंग? रॉ की जेपीजी? आणि नवरदेवानं घातलं काय होतं?

लेन्सवाला_नागपूर: कपड्याचा काय संबंध? पांढरी शेरवानी. ॲपर्चर प्रायॉरिटी, मॅट्रिक्स, जेपीजी. फ्लॅश नाही, व्हिडिओवाल्याचा एलईडी उजवीकडून.

विदर्भ_क्लिक: स्पॉट लाव चेहऱ्यावर आणि +1 दे. काम खतम.

छाया४५: स्पॉट बरोबर, +1 चूक. मीटर समोरचं सगळं मधल्या करड्यावर आणतो. मॅट्रिक्सनं पांढरी शेरवानी खाली ओढली, तिच्यासोबत चेहराही गेला. उलट स्पॉट सावळ्या गालावर धरला तर तो गाल आधीच जास्त उजळवतो. म्हणून उजेडाकडच्या गालावर स्पॉट घे, मग 2/3 स्टॉप कमी कर. समजा f/2.8, आयएसओ 1600 ला स्पॉटनं 1/60 दाखवलं, तर मॅन्युअलमध्ये 1/100 ठेव. मॅट्रिक्सनं तिथंच 1/250 दिलं असेल, तर चेहऱ्याचा सव्वा स्टॉपहून जास्त प्रकाश तिथंच गेला. आणि कपाळ चमकतं तिथं स्पॉट धरू नको, रीडिंग फसतं.

विदर्भ_क्लिक: शेरवानीची जर उडेल बाप्पा.

छाया४५: जर थोडी उडाली तर उडू दे. कापड चेहऱ्याहून साधारण तीन स्टॉप वर असतं, रॉमध्ये ते मावतं. जेपीजीत काठावर येतं, म्हणून रॉ.

मनीष_नगर: माझ्या पासपोर्ट फोटोतही स्टुडिओवाल्यानं गोरं करून टाकलं. यावर काही उपाय?

रामनगर_स्टुडिओ: एक्स्पोजरनं डावा गाल सुटणार नाही. उजेड एकाच बाजूनं आहे. फ्लॅश छताला बाउन्स करा.

विदर्भ_क्लिक: लॉनवर छत कुठलं भाऊ?

रामनगर_स्टुडिओ: खरंय. मग डावीकडे पांढऱ्या छत्रीत फ्लॅश, 1/16 पॉवरपासून सुरुवात. डावा गाल उजव्याहून दीड स्टॉप खाली राहिला की थांबा. सारखा केला तर चेहरा सपाट होतो, गालाच्या हाडावरची झळाळी जाते. सावळ्या त्वचेचा आकार त्या झळाळीतूनच दिसतो, म्हणून छत्री मोठी आणि जवळ.

लेन्सवाला_नागपूर: स्पॉट लावून पाहिला. रीडिंग दर फ्रेमला बदलतं.

छाया४५: कॅमेरा कोणता ते अजून सांगितलं नाही. बऱ्याच कॅननमध्ये स्पॉट फक्त मधोमध मोजतो, फोकस पॉइंट कुठंही असो. निकॉनमध्ये तो फोकस पॉइंटसोबत जातो. म्हणून एकदा मोजून मॅन्युअलमध्ये ठेव.

लेन्सवाला_नागपूर: कॅनन आहे. अन् नवरी गोरीपान असली तर दोघांचं एका फ्रेममध्ये?

रामनगर_स्टुडिओ: त्याला एलईडीच्या बाजूला उभं करा. नवरी दोन पावलं लांब, उजेड आपोआप कमी.

विदर्भ_क्लिक: पण विधीत नवरी डावीकडे बसली आणि एलईडी तिकडंच असला तर?