हिमोग्लोबिन कमी म्हणून रक्तपेढीने परत पाठवलं : तुमचे अनुभव सांगा

लातूरच्या शिबिरात मला परत पाठवलं आणि आठवड्याने रक्तपेढीचं पत्र आलं. त्यातला मजकूर असा : "तुमचे हिमोग्लोबिन 11.6 आले. रक्तदानासाठी किमान 12.5 लागते. आपण वर्षात तीनदा रक्त दिले आहे. दर वेळी साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह जाते. डॉक्टरांना दाखवा, तीन महिन्यांनी तपासणी करून या." मी वर्षाला तीनदाच देते, तेही दर वेळी 120 दिवस पाळून. तरी असं कसं? तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा.

परभणी, रक्तपेढीत तंत्रज्ञ : ताई, 120 दिवसांत रक्त भरतं, पण लोहाचा साठा भरेलच असं नाही. अन्नातून शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच लोह उचलतं, त्यातलं बरंचसं रोजच्या झिजेत आणि पाळीत जातं. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन मागून उतरतं. म्हणून लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासून घ्या, शिबिरात ते करत नाहीत. आणखी एक, बोट फार दाबून थेंब काढला तर त्यात पाणी मिसळतं आणि आकडा कमी येतो. शंका असेल तर शिरेतल्या रक्तावर पुन्हा तपासा.

बीड : हिमोग्लोबिन बघायला निळ्या पाण्यात टाकलेला माझ्या रक्ताचा थेंब बुडालाच नाही, वरच तरंगला, म्हणजे कमी. मग महिनाभर रोज बीट खाल्लं, तरी बी काही फरक नाही. बीटानं रक्त वाढतं म्हणतात ना?

परभणी, तंत्रज्ञ : बीटात लोह थोडंच असतं दादा, लाल रंगामुळे तसा समज झालाय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा दोन तास लांब ठेवा, कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. शौच काळी होते, घाबरू नका. आकडा वर आला म्हणून गोळ्या लगेच सोडू नका, साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात.

नांदेड : मला वजन 43 किलो म्हणून परत पाठवलं होतं. मीही गोळ्या घेऊ का?

लातूर (धागा काढणारी) : तुमचं कारण वेगळं आहे हो, 45 किलो लागतं. गोळ्यांचं आधी तपासून ठरवा.

जालना, शेतकरी, वय 52 : माझं 10.9 आलं. पत्रात लिहिलं होतं, "पुरुषांत इतके कमी असल्यास रक्तस्राव कुठून होतो हे बघावे." मला तीन वर्षं मूळव्याध, लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं. आधी तो उपचार केला, मग गोळ्या. पाच महिन्यांनी 13.1 आलं आणि रक्त देऊन आलो. नुसत्या गोळ्या खाल्ल्या असत्या तर भोक तसंच राहिलं असतं.

उदगीर : माझ्या बहिणीचं चार महिने गोळ्या खाऊनही 11 वरच आहे. फेरिटिन चांगलं आलं. आता थॅलेसेमियाची वाहक आहे का ते बघायला सांगितलंय, अहवाल यायचाय. तोवर लोहाच्या गोळ्या बंद केल्यात. असं कुणाकडे झालंय का?