मदत हवी आहे: मराठी रॅपमध्ये यमक सारखं 'तो-तो'वरच येतंय

कसारालोकल: ९० बीपीएमचा बीट आहे. ओळी अशा:
रोज सकाळी लोकलला मी लटकत जातो
घामाचा पैसा मी घरी घेऊन येतो
पुढच्या चौदा ओळीही अशाच संपतात. मल्टी, म्हणजे अनेक अक्षरांचं यमक, कशी आणायची?

अर्धाकप: प्रत्येक ओळीत सोळा अक्षरं मोजून भर, फ्लो आपोआप बसेल.

मावळतीकर: लिहिलेली अक्षरं मोजू नकोस रे. 'लोकलच्या' लिहिताना चार अक्षरं, पण तोंडात तीनच ठोके: लो-कल-च्या. बारमध्ये, म्हणजे चार बीटमध्ये, जागा सोळा असतात हे बरोबर, पण सगळ्या भरल्या तर श्वास घ्यायचा कधी? ९० बीपीएमला एक बार जेमतेम पावणेतीन सेकंदांचा. दहा-अकरा ठोके पुरतात.

कसारालोकल, तुझी अडचण क्रियापदाची आहे. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, म्हणून जुळतो तो फक्त प्रत्यय. क्रियापद आत घे किंवा गाळ, शेवटी नाम किंवा विशेषण येऊ दे आणि मागचे पाच स्वर जुळव:
लोकलच्या दारात रोज गर्दीचा धक्का
पाय अर्धा बाहेर, पण मर्जीचा पक्का
दोन्हीकडे अ-ई-आ-अ-आ. त्याआधी दोन्हीकडे सहाच ठोके, त्यामुळे 'गर्' आणि 'मर्' दोन्ही तिसऱ्या बीटवर पडतात. एका ओळीत सहाचे आठ झाले की यमक कागदावर जुळतं, कानाला निसटतं. टाळी वाजवत म्हणून बघ, लगेच कळेल.

शुद्धलेखक: गर्दी-मर्जी हे यमक कसं? द आणि ज वेगळे आहेत.

मावळतीकर: कवितेच्या वहीत नसेल. रॅपमध्ये स्वरांवर भागतं.

शुद्धलेखक: पटलं नाही. मग काहीही कशालाही जुळेल.

ताशा: मला हेच ढोलकीच्या लावणी ठेक्यावर करायचंय. अकरा ठोके बसतच नाहीत.

मावळतीकर: तुझा ठेका तीन-तीनच्या गटांत चालत असेल तर बारमध्ये सोळा नव्हे, बारा जागा. अकरा ठोके म्हणजे श्वासाला एकच. आठ-नऊवर आण.

कसारालोकल: जमतंय. पंचलाइन बघा:
दहावीला तीनदा बसलो, मास्तरांनी सोडली आस
टीसीला विचारा, आज खिशात आहे पास
म्हणजे रेल्वेचा पास, कळलं का

अर्धाकप: श्लेष भारी! पण 'पास' दोनदा आणला असतास तर अजून ठसलं असतं.

मावळतीकर: उलट, दोनदा आणला की पहिल्याच ओळीत गुपित फुटतं. एकदाच आहे तेच बरं. तिसरी ओळ मात्र काढ. 'पास' चौथ्या बीटवर टाक, उरलेल्या जागा रिकाम्या सोड आणि पुढचा बार अर्धा बीट उशिरा उचल. ऐकणाऱ्याला दुसरा अर्थ लागायला तेवढा वेळ हवा. 'दहावी' आधी येते म्हणूनच तो लागतो.

कसारालोकल: पण उशिरा उचलला की त्या बारमध्ये अकरा ठोके मावत नाहीत.

मावळतीकर: त्या बारमध्ये नऊच ठेव. मल्टी तशीच राहू दे, सुरुवातीचे दोन काप.